१२० किलोमीटर, पण कशा परिस्थितीत?

इलेक्ट्रिक स्कूटरच्या फोटोखाली बहुधा एकच ओळ असते: ‘एका चार्जमध्ये १२० किमी, चार्जिंग फक्त ३ तासांत.’ दोन्ही आकडे खरे असू शकतात. तरीही गाडी घेतल्यावर ऐंशीच किलोमीटर मिळतात आणि गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. चूक आकड्यात नसते, त्याच्याशेजारी न छापलेल्या अटींत असते.

जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा प्रमाणित चाचणीतला असतो. पुण्यातल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत गाडी रस्त्यावर नव्हे, रोलरवर पळते. भारतीय ड्रायव्हिंग सायकल या पद्धतीत वेग ४२ किमीच्या वर जात नाही, आणि थांबे धरून सरासरी ताशी २२ किमीच्या आसपास पडते. सगळ्या गाड्यांना एकच माप लावायला ही चाचणी उत्तम आहे; पण तिथे समोरून वारा नसतो, चढ नसतो, मागे कुणी बसलेलं नसतं.

आता हिशोब करू. समजा, बॅटरी ३ युनिटची आहे. चाचणीत एका युनिटला ४० किमी पडले, म्हणजे १२० किमी. तीच गाडी दोघांना घेऊन पन्नास-पंचावन्नच्या वेगाने पळवली, तर युनिटला २७ किमीच पडू शकतात. रेंज ८० वर येते. वेग चाळीसवरून साठवर नेला की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो, म्हणून सर्वात मोठा फरक वेगानेच पडतो.

चार्जिंगचंही तसंच. ७५० वॅटच्या चार्जरने ८० टक्के भरायला सुमारे सव्वातीन तास लागतात. त्या हिशोबाने पूर्ण चार्ज चार तासांत व्हायला हवा, पण शेवटच्या टप्प्यात बॅटरी जपण्यासाठी करंट कमी केला जातो, आणि वेळ पाच तासांकडे सरकतो. ‘३ तास’ म्हणताना ‘८० टक्क्यांपर्यंत’ हे शब्द गाळले, तर ती लपवाछपवीच म्हणायची.

मग ओळ कशी हवी? माझ्या मते अशी: ‘प्रमाणित चाचणीत १२० किमी. शहरात साधारण ९० किमी: इको मोड, ७० किलोचा एकच चालक, सपाट रस्ता, वेग ४० पर्यंत, तापमान ३० अंश, बॅटरी १०० ते ० टक्के. चार्जिंग ० ते ८० टक्के सव्वातीन तास, पूर्ण पाच तास, सोबतच्या ७५० वॅट चार्जरने.’ या अटी आकड्याशेजारीच हव्यात, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नकोत. ‘१५० किमीपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ तर काहीच सांगत नाही.

शोरूममध्ये गेलात की रेंज विचारून थांबू नका. कोणत्या मोडमध्ये, किती वेगाने, किती वजनासह आणि चार्जिंग किती टक्क्यांपर्यंत, हे विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.