पंधरा सेंटीमीटरची फट

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांतून बिडाची कास्टिंग्ज परदेशी जातात. ओतकाम, घासकाम, मशिनिंग, तपासणी असे सगळे सोपस्कार झाले की लाकडी पेट्यांत बसवून हा माल कंटेनरमध्ये भरला जातो. मग खंबाटकीचा आणि खंडाळ्याचा घाट उतरून तो न्हावा-शेव्याला पोहोचतो आणि पुढे कित्येक आठवडे समुद्रावर असतो. डिसेंबर २०२३ पासून युरोपला जाणारी अनेक जहाजे तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यामुळे हा प्रवास आणखी लांबला. या वाटेवर पेटीच्या आतली बांधणी जितकी महत्त्वाची, तितकाच पेटी आणि कंटेनरची भिंत यांमधला रिकामा भागही महत्त्वाचा असतो.

कास्टिंगच्या बाबतीत हा रिकामा भाग टाळता येत नाही. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो आणि त्यात साधारण २८ टन माल मावतो. कापूस किंवा कपडे भरले तर जागा आधी संपते. बीड भरले तर वजन आधी संपते. कंटेनर वजनाने भरतो, पण आकाराने अर्धा रिकामाच राहतो. जहाज हलू लागले की पेट्यांना सरकायला ही मोकळी जागा मिळते.

एक नमुना घेऊ. १.१ मीटर लांब-रुंद आणि ०.७ मीटर उंच अशा वीस पेट्या आहेत, प्रत्येकी १.२ टनांच्या. रुंदीत दोन, लांबीत पाच, असे दोन थर रचले तर एकूण २४ टन होतात. रुंदीत २.२ मीटर व्यापले जातात आणि १५ सेंटीमीटर उरतात. लांबीत ५.५ मीटर व्यापले जातात आणि दाराकडे ४० सेंटीमीटर उरतात.

कंटेनर भरण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी २०१४ साली एक संयुक्त संहिता काढली. कोणत्याही आडव्या दिशेतल्या फटींची बेरीज १५ सेंटीमीटरच्या वर जाऊ नये, असे ती सांगते. आपला नमुना रुंदीत या मर्यादेवर जेमतेम बसतो, लांबीत मात्र ती ओलांडतो. पण पोलाद, दगड, काँक्रीट यांसारख्या जड आणि कडक मालासाठी फटी त्याहूनही शक्य तितक्या कमी कराव्यात, असेही तीच संहिता पुढे बजावते. कास्टिंगच्या पेट्या याच वर्गात मोडतात. म्हणून ही १५ सेंटीमीटरची फट भरलीच पाहिजे.

ती का भरायची, हे हिशेबातून कळते. खुल्या समुद्रातल्या सर्वांत खडतर प्रवासासाठी मालावर आडवा जोर त्याच्या वजनाच्या ८० टक्के धरतात. २४ टनांवर तो १९.२ टन होतो. पेटीचे लाकूड आणि कंटेनरची प्लायवूडची जमीन यांच्यातले घर्षण ०.४५ धरले तर त्यातला १०.८ टन जोर घर्षणच अडवते. उरलेले ८.४ टन भिंतीवर येतात. कंटेनरची बाजूची भिंत पूर्ण मालवजनाच्या ६० टक्के, म्हणजे साधारण १६.८ टन जोर सोसेल अशी तपासलेली असते, पण तो जोर भिंतभर सारखा पसरलेला असावा लागतो. आपल्या पेट्यांचे दोन थर मिळून फक्त १.४ मीटर उंच होतात आणि भिंतीच्या निम्म्याहून थोड्याच जास्त भागाला टेकतात. त्या प्रमाणात पाहिले तर भिंतीची ताकद ९ टनांच्या आसपास उरते. ८.४ टनांना हे पुरते, पण मोकळीक फार राहत नाही. शिवाय हा हिशेब पेटी भिंतीला टेकलेली आहे असे धरून केला आहे. पेटी १५ सेंटीमीटर सरकून भिंतीवर आदळली तर धक्क्याचा जोर या आकड्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि भिंत बाहेर फुगते.

पहिला उपाय घर्षणाचा. पेट्यांखाली आणि दोन थरांमध्ये रबराच्या न घसरणाऱ्या मॅट टाकल्या तर घर्षण ०.६ धरता येते. मग १४.४ टन तिथेच अडतात आणि भिंतीवर फक्त ४.८ टन येतात. मॅट पुरेशी जाड असावी आणि लाकूड लाकडाला कुठेही टेकू नये, नाहीतर हा आकडा धरता येत नाही. वरच्या थराखाली मॅट विसरली तर खालची पेटी जागेवर राहते आणि वरची सरकते.

दुसरा उपाय लाकडाचा, म्हणजेच डनेजचा. फट भरणाऱ्या फळ्या आडव्या, जमिनीला समांतर लावायच्या. भिंतीच्या पन्हाळ्या उभ्या असतात, त्यामुळे आडवी फळी एकाच वेळी अनेक पन्हाळ्यांच्या कण्यांवर टेकते आणि भार वाटला जातो. उभी फळी एखाद्याच पन्हाळीत घुसते आणि तिथेच पत्रा दाबते. भराव दोन्ही थरांच्या उंचीपर्यंत न्यायचा, कारण १.१ मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच रास ८० टक्के आडव्या जोराखाली उलटण्याच्या अगदी कडेला येते. खालच्या थराला आधार देऊन वरचा मोकळा सोडला तर रास कलते.

दाराकडच्या ४० सेंटीमीटरमध्ये लाकडी चौकट बसवतात. पेट्यांना टेकणारे आडवे ओंडके, त्यांच्यापासून निघणारे तिरके टेकू आणि त्या टेकूंचा भार कोपऱ्याच्या पोलादी खांबांवर. दाराच्या पत्र्यावर भार टाकायचा नसतो. दार उघडताना त्यामागे दाबून राहिलेली पेटी उतरवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. हवेची पिशवी इथे अजिबात वापरू नये, कारण ती ताणलेली असते आणि दार उघडताच झटक्याने फुटते किंवा दार ढकलते. चपलांच्या किंवा गुळाच्या खोक्यांच्या मधल्या फटीत ती चांगली चालते. कास्टिंगच्या पेट्यांचे खिळे आणि कोपरे तिला फाडतात.

अनेकांचा भर लॅशिंगच्या पट्ट्यांवर असतो, पण कंटेनरमधल्या कड्यांची ताकद पाहा. खालचे कडे किमान एक टन, तर वरचे किमान अर्धा टन सोसेल इतकेच मजबूत असावे लागते. पट्टी तिरकी गेली की तिची उपयोगी ताकद आणखी कमी होते. आठ टनांचा जोर अशा कड्यांवर सोपवता येत नाही. म्हणून इथे पट्टी दोन थरांच्या पेट्या एकत्र बांधायला आणि वरचा थर उचलला जाऊ नये म्हणून वापरावी. सरकणे अडवायचे काम लाकडाने करावे. मोकळ्या जमिनीवर एखाददुसरी जड मशीन जात असेल तर मात्र लॅशिंगला जास्त महत्त्व येते.

डनेजच्या लाकडाच्याही अटी आहेत. परदेशी जाणारे लाकूड, मग ते पेटीचे असो वा भरावाचे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवण्यासारखी मान्य प्रक्रिया केलेले आणि तशी खूण उमटवलेले असावे लागते. पेटीवर खूण आणि भरावाचे ओंडके शेजारच्या वखारीतून आणलेले, अशी चूक झाली तर माल परदेशी बंदरावर अडकतो. लाकूड ओले असेल तर ते प्रवासात वाळते, आकसते आणि घट्ट ठोकलेली पाचर सैल होते. त्यातून निघालेल्या वाफेचे थंड पत्र्यावर निवून थेंब होतात आणि मशिनिंग केलेल्या पृष्ठभागावर गंज चढतो.

माल सरकला की खुणा राहतात. जमिनीवर ताजे ओरखडे, पेटीच्या कोपऱ्यावर चेपलेले लाकूड, ढिल्या पट्ट्या, बाहेर फुगलेली भिंत. दार बंद करण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवले तर पुढे विम्याच्या दाव्यात बांधणी कशी होती हे दाखवता येते. वजन जाहीर करतानाही डनेजचा विसर पडू नये. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन जहाजावर चढवण्याआधी द्यावे लागते आणि त्यात ओंडके, पट्ट्या, मॅट हे सगळे धरायचे असते.

पण या सगळ्या खटाटोपाला सर्वांत स्वस्त उत्तर पेटी बनवणाऱ्या सुताराकडेच असते. कास्टिंगचे माप तसेच ठेवून पेटी १.१४ मीटरची केली तर रुंदीतली फट ७ सेंटीमीटरवर आणि लांबीतली २० सेंटीमीटरवर येते, तरी फोर्कलिफ्टला हालचालीपुरती जागा उरते. लाकूडही थोडेच जास्त लागते. म्हणून पेटीचे माप ठरवताना कास्टिंगसोबत कंटेनरच्या आतल्या रुंदीचा आकडाही सुताराच्या हाती द्यावा.