तीन जाहिराती, एक प्रश्न: पैसे वसूल झाले का? (पार्शल एफ-टेस्ट, एक्सेलमध्ये)

रिग्रेशनच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, जाहिरातीचे कॉलम टाकले की R Square वाढतोय. म्हणजे जाहिरात चालतेय ना?"

थांबा. इथंच फसायला होतं. कुठलाही नवीन कॉलम टाका, अगदी दुकानासमोरून किती म्हशी गेल्या तो आकडा टाका, R Square कमी होत नाही. थोडा तरी वाढतोच. म्हणून प्रश्न "वाढला का?" असा नाही, तर "योगायोगानं वाढला असता त्यापेक्षा जास्त वाढला का?" असा आहे. त्याचं उत्तर पार्शल एफ-टेस्ट देते.

आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. चादर-टॉवेलचं दुकान आहे आणि ६० आठवड्यांची विक्री हजार रुपयांत लिहिलेली आहे. (हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे मी बसवलेत.)

छोटं मॉडेल: विक्री दोन गोष्टींवरून सांगायची. लग्नसराईचा आठवडा आहे का, आणि गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा आहे का. असेल तर १, नसेल तर ०.

मोठं मॉडेल: तेच दोन कॉलम, शिवाय तीन खर्च. पॅम्प्लेट, रिक्षावरचा भोंगा आणि इन्स्टाग्राम.

छोटं मॉडेल मोठ्याच्या पोटात पूर्ण बसलं पाहिजे, ही पहिली अट. मोठ्यातून लग्नसराईचा कॉलम काढलात, तर ही टेस्ट लागू होत नाही.

आता एक्सेलमध्ये Data Analysis मधून Regression दोनदा चालवा. दोन्ही वेळा ANOVA तक्त्यात Residual ओळीतला SS आकडा टिपून घ्या. मॉडेलला विक्रीचा जो भाग सांगता आला नाही, ती उरलेली चूक म्हणजे हा आकडा. समजा छोट्यात तो ५४० आला आणि मोठ्यात ४८६. R Square ०.७० वरून ०.७३ झाला. बघायला बरं वाटतं, पण हिशोब करू.

चूक ५४ ने कमी झाली. त्यासाठी तीन कॉलम वापरले, म्हणजे कॉलममागे १८. आता तुलना कशाशी? मोठ्या मॉडेलमध्ये ६० आठवड्यांतून ६ वजा होतात (५ कॉलम आणि १ Intercept), राहिले ५४. ४८६ भागिले ५४ म्हणजे ९. ही झाली नेहमीची चढ-उतार.

```
F = ((540-486)/3) / (486/54) = 18/9 = 2
=F.INV.RT(0.05,3,54)    →  2.78
=F.DIST.RT(2,3,54)      →  सुमारे 0.12
```

आपला F २ आला, पाहिजे होता किमान २.७८. जाहिरातींचा काहीच परिणाम नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा F शंभरातून साधारण बारा वेळा नुसत्या योगायोगानं दिसला असता. म्हणजे या तीन खर्चांच्या गठ्ठ्यानं स्वतःला सिद्ध केलेलं नाही.

पण याचा अर्थ "जाहिरात फुकट गेली" असा काढू नका. या ६० आठवड्यांच्या वहीतून पुरावा मिळाला नाही, एवढंच. पुढचे काही महिने बजेट वाढवू नका. तेवढ्याच पैशात एक आठवडा जाहिरात आणि एक आठवडा बंद, असं आलटून पालटून करा आणि परत तपासा.

"मग तिन्ही कॉलमचे P-value वेगवेगळे बघितले तर?" हाही प्रश्न येतो. समजा तुम्ही पॅम्प्लेट आणि इन्स्टाग्राम नेहमी एकाच आठवड्यात करता. मग श्रेय कुणाचं, हे रिग्रेशनला कळत नाही. दोघांचेही P-value मोठे दिसतात आणि आपण दोन्ही बंद करून टाकतो. प्रत्यक्षात दोघं मिळून विक्री वाढवत असतील, आणि ते गठ्ठ्याचा F दाखवतो. म्हणून आधी गठ्ठा तपासा, मग एकेक.

सगळ्यात जास्त चूक कुठं होते सांगू? इन्स्टाग्रामचा खर्च काही आठवडे लिहिलेलाच नसतो. रिकामा सेल असला की एक्सेल अडतं, मग आपण त्या ओळी काढून मोठं मॉडेल चालवतो. छोटं मात्र जुन्या ६० ओळींवरचंच! ही तुलना चुकीची. ओळखायचं कसं? दोन्ही निकालांत Observations हा आकडा बघा. तो सारखा नसेल, तर छोटं मॉडेलही त्याच ओळींवर परत चालवा.

आणि F मोठा आला तरी लगेच उड्या मारू नका. तो फक्त परिणाम आहे एवढंच सांगतो. फायद्यासाठी Coefficients बघा. इन्स्टाग्रामच्या एका रुपयामागे विक्री ३ रुपयांनी वाढते आणि तुमचं मार्जिन २०% आहे, तर हातात ६० पैसे आले. रुपया घालून ६० पैसे! टेस्ट पास, धंदा नापास.

आजच वही उघडा आणि आठवड्याची विक्री व प्रत्येक जाहिरातीचा खर्च वेगळा लिहायला लागा. खर्च झाला नाही त्या आठवड्यात ० लिहा, जागा रिकामी सोडू नका.