पत्रिकेच्या फोटोतलं भाषण

सेवापूर्तीची पत्रिका हल्ली अनेकदा मोबाइलवर फोटो होऊनच येते. सोबत निरोप असतो, ‘तुम्ही दोन शब्द बोला.’ बोलणाऱ्याची सत्कारमूर्तींशी जेमतेम ओळख असली, की तो ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष’ यांवर वेळ मारून नेतो. खरं तर फोटो मोठा करून वाचला तर भाषण त्यातच सापडतं.

समजा, पत्रिका जिल्हा परिषदेच्या एका शिक्षिकेची आहे. निवृत्ती ३१ मे २०२४, मथळा ‘पस्तीस वर्षांची प्रदीर्घ सेवा’. रुजू झाल्याच्या तारखेवर नेमकी फ्लॅशची चमक आली आहे, त्यामुळे साल १९८९ की १९८१ ते कळत नाही. इथे हिशेब कामी येतो. हे शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे १९८१ धरलं तर बाई पंधराव्या वर्षी नोकरीला लागल्या! साल १९८९च. दिवस १२ ऑगस्ट असेल, तर सेवा भरते चौतीस वर्षं नऊ महिने. भाषणात ‘जवळपास पस्तीस’ म्हणावं.

३१ मे ही तारीखही बोलकी आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सर्रास १ जून ही जन्मतारीख लावली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून त्या दिवशी निवृत्तांची रांग लागते. पण या बाईंचा खरा वाढदिवस कोणता, हे पत्रिकेवरून ठरवू नये. शिवाय मेअखेर शाळेला सुट्टी असते. ‘आज बाईंनी शेवटचा तास घेतला’ असं कुणी भावनेच्या भरात म्हणालं, तर समोरचे शिक्षक गालात हसतील.

सर्वांत मोलाचा मजकूर तळाशी, बारीक अक्षरात असतो. निमंत्रक: १९९६च्या चौथीचे विद्यार्थी. आणि त्याखाली: आहेराऐवजी शाळेच्या वाचनालयासाठी एक पुस्तक आणावे. भाषण इथूनच सुरू करावं:

‘अध्यक्षमहोदय, बाई आणि मित्रहो, सेवापूर्तीची पत्रिका बहुधा घरचे किंवा सहकारी काढतात. ही पत्रिका १९९६च्या चौथीच्या वर्गाने काढली आहे. ती मुलं आज चाळिशीकडे आली, तरी बाईंसाठी एकत्र जमली. बाईंची सेवा जवळपास पस्तीस वर्षांची. त्यांच्या समारंभाचा आहेरसुद्धा शाळेतल्या मुलांच्या हाती पडणार आहे. बाई, मनःपूर्वक अभिनंदन. पुढच्या आयुष्यात उत्तम आरोग्य लाभो.’

सावकाश बोललं तरी मिनिटभरात आटपतं. पुस्तकाची कल्पना बाईंची की विद्यार्थ्यांची, हे पत्रिका सांगत नाही. म्हणून भाषणात तिचं श्रेय कुणालाच दिलेलं नाही. निमंत्रकांना फोन करून ते विचारता येईल. त्याच फोनवर बाईंचं आडनाव कसं उच्चारायचं आणि व्यासपीठावर अध्यक्ष कोण, हेही विचारून घ्यावं, कारण पत्रिका छापल्यावर पाहुणे बदलल्याचे प्रकार घडतात.