तापलेला सांधा

उपकेंद्राच्या यार्डात तारा सहसा मध्येच तुटत नाहीत, त्या जोडावर दगा देतात. आयसोलेटरची पाती जिथे जबड्यात बसते किंवा जंपर जिथे क्लॅम्पमध्ये आवळलेला असतो, तिथे बोल्ट ढिला पडतो किंवा अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो. प्रवाहाची वाट तेवढ्या जागी अरुंद होते आणि सांधा तापू लागतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. थर्मल कॅमेऱ्यात मात्र तो लख्ख उजळतो, आणि त्यासाठी सप्लाय बंद करावा लागत नाही.

पण नुसत्या तापमानावरून निदान होत नाही. आर, वाय आणि बी हे तिन्ही फेज एकाच उन्हावाऱ्यात असतात, म्हणून एका फेजचा सांधा दुसऱ्या फेजच्या त्याच सांध्याशी ताडून पाहतात. समजा आर आणि बीचे जबडे ३८ अंशांवर आहेत आणि वायचा ५० वर. फरक १२ अंश. आधी तिन्ही फेजचे अँपिअर सारखे आहेत ना ते बघायचे, नाहीतर जास्त लोडच्या फेजवर नाहक ठपका बसतो. मग तापमान सांध्यापासून तारेकडे उतरत गेलेले दिसते का ते पाहायचे. तसे असेल तर दोष सांध्याचाच. तारच सगळीकडे सारखी तापलेली असेल, तर तो लोडचा परिणाम.

अमेरिकेतल्या नेटा या संस्थेचा तक्ता बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यानुसार सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत ४ ते १५ अंशांचा फरक आला तर सवडीने दुरुस्ती करायची, १५ च्या वर गेला तर लगेच. म्हणजे आपले १२ अंश ‘सवडी’त बसले. इथेच घात होतो. पाहणीच्या वेळी फीडरवर २०० अँपिअर होते आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ते ४०० होणार आहेत. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून १२ चे ४८ होऊ शकतात. प्रत्यक्षात गरम वस्तू उष्णता वेगाने सोडते, तेव्हा आकडा छत्तिसाच्या आसपास राहील, पण तातडीचा तो आहेच. म्हणून पाहणीच्या कागदावर अँपिअर लिहिलेले नसतील, तर माझ्या मते तो अहवाल परत पाठवावा.

कॅमेराही फसवतो. नवा चकचकीत अॅल्युमिनियम क्लॅम्प उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि वरचे थंड आकाश परावर्तित करतो, त्यामुळे तापलेला असूनही गार दिसतो. अशा वेळी खाचेत किंवा काळवंडलेल्या भागावर नेम धरतात. जोराच्या वाऱ्यात फरक निम्म्यावरही येऊ शकतो, आणि दुपारी ऊन वेगळाच ताप चढवते. म्हणून वारा पडलेला असताना, संध्याकाळच्या पीकला पाहणी करणे बरे.

दुरुस्तीसाठी नुसता पाना फिरवून भागत नाही. परमिट घेऊन लाइन बंद करून अर्थ केली की सांधा उघडतात, ऑक्साइड घासून काढतात, काँटॅक्ट ग्रीस लावतात आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाने बोल्ट आवळतात. लाइन चालू होऊन पुन्हा लोड आला की त्याच जबड्यावर कॅमेरा धरायचा. वाय आता आर-बीच्या बरोबरीला आला असेल, तरच काम संपले.