बंद खात्यातून परतलेले पैसे

पुण्यातल्या भाडेकरूने घरमालकाला एनईएफटीने 73,000 रुपये पाठवले. खात्यातून रक्कम वजा झाली, मालकाला मात्र मिळालीच नाही. त्याने ते खाते कधीच बंद केले होते.

एनईएफटीचा हिशेब दर अर्ध्या तासाला बँकाबँकांत होतो. पैसे समोरच्या बँकेत पोचतात आणि खाते बंद असल्याचे तिथेच कळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्या बॅचनंतर दोन तासांत रक्कम परत पाठवायला हवी. पण ती बँकेच्या तात्पुरत्या खात्यात अडकली आणि कुणी हाताने निपटारा करेपर्यंत पडून राहिली, तर दिवस जातात.

उशिरासाठी रेपो दर अधिक दोन टक्के व्याज द्यावे लागते. रेपो 5.5 टक्के धरला, तर इथे दिवसाला 15 रुपये. ते मागायचे, तर पासबुकातला यूटीआर क्रमांक आपल्या बँकेला द्यावा.