आधी वॉट उतरवा, मग पंखा

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे २०२० साली आलेलं ग्राफिक्स कार्ड जड गेममध्ये सुमारे ३२० वॉट वीज खातं. ही सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते. पंखे ती उष्णता फक्त कार्डावरून हवेत ढकलतात, कमी करत नाहीत. खोली आधीच तापलेली असेल, तर पंख्यांनी कितीही आवाज केला तरी त्यांच्या हाती गरम हवाच असते.

हिशेब सोपा आहे. पंख्याचा वेग तोच राहिला, तर कार्ड खोलीपेक्षा किती अंश जास्त तापेल हे साधारणपणे वॉटवर ठरतं. समजा, २४ अंशांच्या खोलीत हे कार्ड ३२० वॉटवर ६८ अंशांना टेकतं, म्हणजे खोलीपेक्षा ४४ अंश वर. मे महिन्यात नागपुरात खोली ३६ अंशांवर गेली की तेच कार्ड ८० गाठेल. आता मर्यादा ८० टक्क्यांवर, म्हणजे २५६ वॉटवर आणली, तर फरक ३५ अंशांवर येतो आणि कार्ड ७१ च्या आसपास थांबतं. पंख्याला हातही लावावा लागत नाही.

वीज वीस टक्क्यांनी घटली, तरी फ्रेम तेवढ्या घटत नाहीत. बहुतेक गेममध्ये घट पाच ते दहा टक्के असते. कारण वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी चिपला जास्त व्होल्टेज लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मर्यादा घातली की कार्ड तो महागडा टप्पाच सोडून देतं.

एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये यासाठी `Power Limit` ची पट्टी आहे. ती एका वेळी पाच टक्क्यांनी खाली आणावी आणि दर वेळी तोच गेम पंधरा-वीस मिनिटं चालवून तापमान व फ्रेम पाहावेत.

पंख्याची वक्ररेषा त्यानंतर. ६० अंशांना ४० टक्के, ७० ला ५० आणि ८० ला ७५ अशी सौम्य चढण सुरुवातीला पुरते. रेषेत एकदम उभा चढ असेल, तर एका अंशाच्या फरकाने पंखा वर-खाली करत राहतो. असा हेलकावणारा आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त टोचतो. तापमान काही अंश उतरेपर्यंत वेग न घटवणारी `Temperature hysteresis` ही सेटिंग हा त्रास थांबवते.

मात्र पंखा फार मंद ठेवला, तर चिप थंड दिसत असतानाही शेजारची मेमरी तापू शकते. या कार्डाची मेमरी ११० अंशांजवळ स्वतःचा वेग कमी करते, म्हणून जीपीयू-झेडमध्ये मेमरीचं तापमानही पाहावं. तिथेच `PerfCap Reason` समोर `Pwr` दिसलं, तर आपण घातलेली मर्यादा काम करते आहे. `Thrm` दिसलं, तर उष्णता कार्डाला रोखते आहे. तेव्हा वॉट आणखी कमी करावेत किंवा पंखा वाढवावा.

आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल साठवता येतात. उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेगळं प्रोफाइल ठेवलं, तर थंडीत कार्ड पुन्हा पूर्ण ताकदीने चालवता येतं. मात्र आफ्टरबर्नर बंद असेल, तर आखलेली पंख्याची रेषाही चालत नाही; त्यामुळे तो संगणकाबरोबरच सुरू होईल अशी सोय करून ठेवावी.