अधिकारी उर्मट बोलले. पत्रात काय लिहाल, काय टाळाल?

मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. अर्जाच्या पावतीवरची मुदत 17 जूनला संपली. 19 जूनला तहसील कार्यालयात विचारलं, तर ‘रोज रोज येऊ नका, होईल तेव्हा होईल’ असं उत्तर मिळालं. अशा वेळी रागाच्या भरात पत्र लिहिलं जातं ते असं :

“आपल्या उर्मट व भ्रष्ट कारभारामुळे माझ्या मुलाचे नुकसान होत आहे. काम न झाल्यास कोर्टात खेचीन.”

यात चुकतं काय?

‘भ्रष्ट’ म्हटलं, पण पुरावा नाही. मग उत्तर येतं ते या शब्दाला, दाखल्याचा प्रश्न बाजूलाच राहतो. अर्ज क्रमांक नाही, तारीख नाही, त्यामुळे वरिष्ठांनाही काही तपासता येत नाही.

ठाम पत्र कसं असेल?

“विषय : अर्ज क्र. …, उत्पन्नाचा दाखला मुदतीत न मिळाल्याबाबत.

महोदय, वरील अर्जाची मुदत 17 जून रोजी संपली आहे. 19 जून रोजी सकाळी 11.30 वाजता चौकशी केली असता विलंबाचे कारण सांगण्यात आले नाही. दाखला तात्काळ द्यावा. अर्ज नाकारला असल्यास कारणे लेखी कळवावीत. 26 जूनपर्यंत यांपैकी काहीही न मिळाल्यास मी लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रथम अपील दाखल करीन.”

इथे विशेषणांची जागा तारखांनी घेतली आहे. ‘द्यावा’, ‘कळवावीत’ ही रूपं सभ्य आहेत आणि ठामही. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असं लिहिलं, तर हक्काची सेवा उपकार ठरते. या कायद्यानुसार अधिकाऱ्याने मुदतीत सेवा द्यायची किंवा लेखी कारणं देऊन अर्ज फेटाळायचा असतो. म्हणून शेवटचं वाक्य धमकी नाही, तर पुढची पायरी आहे. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. पत्रातली तारीख त्याच्या बरीच आधीची ठेवावी, म्हणजे वाट पाहण्यात अपिलाची मुदत जात नाही.

मग अपमानाचं काय?

त्यासाठी वेगळं पत्र लिहावं. एकाच कागदावर दोन्ही विषय आले, तर दाखल्याचा मुद्दा वागणुकीच्या वादात अडकतो. तक्रार लिपिकाची असेल तर तहसीलदारांकडे, तहसीलदारांची असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे करावी. ‘उर्मटपणे बोलले’ असं न लिहिता उच्चारलेले शब्दच अवतरणात द्यावेत. नेमके आठवत नसतील, तर ‘अशा आशयाचे’ म्हणावं. सोबत कोण होतं, तेही नोंदवावं. बोलणं उर्मट होतं की नाही, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

दोन्ही पत्रं आवक टेबलावर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. घ्यायला नकार मिळाला, तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी.